सोळाच्या जागी बत्तीस: सोलापुरातल्या एका घराच्या लोडचा हिशोब

घर जुळे सोलापूर भागातलं, साधारण पंधरा वर्षांचं. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि बाथरूम. वर एक बेडरूम, त्याला लागून दुसरं बाथरूम आणि वर उघडी गच्ची. मालक निवृत्त शिक्षक. सिंगल फेज मीटर, जिन्याखाली डीबी, म्हणजे सगळ्या सर्किटांचे खटके असलेली पेटी. वरच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवायचा होता, त्यासाठी सरांनी मला बोलावलं. "फक्त एसीचा एक पॉइंट काढायचाय," एवढंच काम सांगितलं होतं.

डीबीचं झाकण काढलं तर पाच एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की स्वतःहून पडणारे खटके. चारांवर सी-१० किंवा सी-१६ छापलेलं, पाचव्यावर सी-३२, आणि तोही बाकीच्यांपेक्षा नवा कोरा. हा कशाचा, असं विचारल्यावर वहिनींनीच सांगितलं. "स्वयंपाकघराचा. वॉशिंग मशीन लावलं आणि इकडे इंडक्शन चालू असलं की थोड्या वेळानं सगळं बंद पडायचं. मध्येच मिक्सर फिरवला तर लगेचच. मग एक मुलगा येऊन मोठा बसवून गेला, तेव्हापासून काही त्रास नाही."

सरांचा प्रश्न रास्त होता. "आता ट्रिप होत नाही ना, मग बिघडलं कुठं?"

स्वयंपाकघरातला बोर्ड उघडून दाखवला. १६ अँपिअरच्या सॉकेटमागची लाल वायर टर्मिनलपासून दोन बोटं लांबीपर्यंत चॉकलेटी झाली होती. वाकवून बघितली तर वरचं पीव्हीसी कडक होऊन तडकलं. पुढे पाइपात शिरणारा भागही थोडा कडकच लागला. वायर अडीच एमएमची होती, म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. तिथूनच लूप करून दीड एमएमची वायर बाहेर ओट्याच्या मागे वॉशिंग मशीनच्या सॉकेटला नेली होती. नुसतं टर्मिनल काळं असतं तर स्क्रू ढिला राहिला म्हणता आलं असतं, आणि बहुतेक घरांत कारण तेच असतं. इथे उष्णता वायरच्या लांबीभर होती.

आता हिशोब. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर मिळतात. घरातल्या बहुतेक उपकरणांना एवढं पुरतं. इंडक्शनवर १९०० वॅट लिहिलेलं, म्हणजे ८.३ अँपिअर. मायक्रोवेव्ह १२५० वॅट, ५.४ अँपिअर. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. मायक्रोवेव्हच्या दारावर ७०० किंवा ८०० असा मोठा आकडा असतो, तो अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा. भिंतीतून किती ओढतो ते मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात सापडतं. वॉशिंग मशीन फ्रंट लोड, त्यात पाणी तापवायचा हीटर, एकूण २००० वॅट, ८.७ अँपिअर. हा भार सगळा वेळ नसतो, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं असतो. मिक्सर ७५० वॅट, ३.३ अँपिअर.

पहिले तीन एकदम चालले तर २२.४ अँपिअर. मिक्सर धरून पावणेसव्वीसच्या आसपास.

एमसीबीवर १६ लिहिलं म्हणून तो १६.१ ला पडत नाही. त्याच्या मानकाप्रमाणे १.१३ पट प्रवाहाला, म्हणजे १८ अँपिअरला, त्यानं तासभर तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३.२ ला, तासाच्या आत पडलंच पाहिजे. मधला पट्टा त्याच्या आतल्या द्विधातूच्या पट्टीच्या मर्जीवर असतो. ती पट्टी ३० अंश तापमान धरून जुळवलेली असते. जिन्याखालच्या बंद डीबीत, उन्हाळ्यात, ती आधीच गरम असते आणि लवकर वाकते. त्यामुळे २२ अँपिअरला थोड्या वेळानं पडणं आणि मिक्सर फिरताच लगेच पडणं, वहिनींनी सांगितलेलं सगळं तंतोतंत जुळत होतं. जुना एमसीबी खराब नव्हता. तो त्याचं काम चोख करत होता.

वायर किती सोसते ते बघू. पीव्हीसीची तांब्याची वायर, भिंतीतल्या पाइपात, एकाच सर्किटच्या फेज-न्यूट्रल, भोवती ३० अंश, अशा स्थितीत दीड एमएमला साडेसतरा अँपिअर, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१ आणि दहाला ५७ असे आकडे धरतात. दुकानातल्या तक्त्यात कधीकधी याहून मोठे आकडे दिसतात. ते उघड्या हवेतल्या वायरचे असू शकतात, म्हणून तक्त्याच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

पण सोलापूरला ३० अंश कुठून आणायचे? मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर जातं आणि भिंत रात्रीसुद्धा निवत नाही. पीव्हीसी वायर आतून ७० अंशांपर्यंत तापलेली चालते, त्यामुळे भोवतीच चाळीस असतील तर तिला तापायला जागा कमी उरते. ४० अंशांना ०.८७ नं गुणायचं. स्लॅबच्या वरच्या थरात, उन्हात भाजणाऱ्या पाइपासाठी मी ५० अंश धरतो, तिथे ०.७१. शिवाय एका पाइपात अनेक सर्किटं असली की ती एकमेकांना तापवतात. दोन असतील तर ०.८०, तीन असतील तर ०.७०.

या घरात डीबीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपात तीन सर्किटं कोंबलेली होती. म्हणजे अडीच एमएमची खरी कुवत २४ × ०.८७ × ०.७०, म्हणजे १४.६ अँपिअर. त्यातून बावीस ते सव्वीस जात होते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. २४ अँपिअर धरले तर वायर सोसते त्याच्या २.७ पट उष्णता. आणि वर बत्तीसचा एमसीबी, जो ३६ अँपिअरपर्यंत तासभर हूं की चूं करणार नाही! त्याच्या नजरेत सगळं आलबेल होतं. पुढच्या दीड एमएमच्या लूपला तर तो असून नसल्यासारखाच. बाहेरच्या सॉकेटला कुणी मशीनबरोबर इस्त्री आणि पाण्याचा हीटर लावला असता, तरी एमसीबी जागेवरून हलला नसता.

सरांना वहीच्या पानावर एकच ओळ लिहून दिली. आधी उपकरणांचा प्रवाह, त्याच्याहून मोठा किंवा तेवढा एमसीबी, आणि त्याच्याहून मोठी किंवा तेवढी वायरची कुवत. एमसीबी मधोमध. मिक्सर-मशीनला वाचवायला तो नसतोच, तो भिंतीतल्या वायरला वाचवतो. त्याचा आकडा वाढवायचा तर आधी वायर बदलावी लागते. "म्हणजे त्या मुलानं फ्यूजमध्ये जाड तार घातली," सर म्हणाले. अगदी तेच.

एसीचा एक पॉइंट काढायचं काम इथे संपलं आणि सगळ्या घराचा लोड मोजायचं काम सुरू झालं.

खोलीखोलीत फिरून प्रत्येक उपकरणाची पट्टी वाचली. स्वयंपाकघरातलं वर आलंच, त्यात फ्रीजचे २०० वॅट. गीझर दोन, प्रत्येकी २००० वॅट. एसी इन्व्हर्टरचा, पट्टीवर १७०० वॅट आणि कमाल प्रवाह साडेनऊ अँपिअर. एसीच्या सर्किटच्या हिशोबात नेहमी हा कमाल प्रवाहच घ्यायचा, कारण व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर एसी तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढतो. हौदातून टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या एचपीची मोटर. अर्धा एचपी म्हणजे ३७५ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारं काम. आत जाणारे मी ६०० वॅट धरले. दिवे, पंखे, टीव्ही आणि ६ अँपिअरची सॉकेटं मिळून खाली ८०० आणि वर ५०० वॅट.

सगळ्याची बेरीज १३,७०० वॅट. साठ अँपिअर. हा आकडा बघून सर दचकले आणि मुख्य एमसीबी ६३ चा लागणार का, असं विचारू लागले. लागणार नव्हता. सगळं एकदम कधी चालत नाही. पण म्हणून "साठ टक्के धरा" असं डोळे मिटून कापणंही मला पटत नाही. मोठ्या इमारतीत शंभर फ्लॅटांची सरासरी निघते, तिथे टक्केवारी चालते. एका घरात सगळं चार माणसांच्या सवयींवर असतं. त्यापेक्षा वहिनींना विचारून वर्षातले सगळ्यात जड दोन तास शोधले.

पहिला, जानेवारीतली सकाळ. दोन्ही गीझर चालू, इंडक्शनवर पोहे, मिक्सर, फ्रीज, पाण्याची मोटर, थोडे दिवे. ४००० + १९०० + ७५० + २०० + ६०० + ३०० म्हणजे ७७५० वॅट, ३३.७ अँपिअर. दुसरा, मे महिन्यातली संध्याकाळ. एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, फ्रीज, दिवे-पंखे ९०० आणि त्यात कुणी गरम पाण्याचं वॉशिंग लावलं तर ७९५० वॅट, साडेचौतीस अँपिअर. दोन्ही ऋतूंत आकडा पस्तिसाच्या आसपासच येतोय, तेव्हा मुख्य एमसीबी ४० चा, डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

मग ४० च्या मागे वायर कोणती? मीटरपासून डीबीपर्यंत पाइपात एकटीच. सहा एमएमला ४१ × ०.८७, म्हणजे ३५.७. चाळिसापेक्षा कमी, बाद. दहा एमएमला ४९.६, चालेल. प्रत्यक्षात तिथे होती चार एमएम. आणि डीबीत तिच्या पुढे "४० ए" लिहिलेला जो मुख्य खटका होता, तो एमसीबी नव्हताच. आकार तोच, दांडी तीच, पण आकड्याच्या आधी बी किंवा सी हे अक्षर नव्हतं. तो आयसोलेटर होता. तो हातानं बंद करता येतो, स्वतःहून कधीच पडत नाही. अशा घरात मुख्य वायरला संरक्षण म्हणजे मीटरपाशी जे काही असेल तेवढंच. घरी डीबी उघडायची वेळ आली तर हे अक्षर जरूर शोधा.

सर्किटांची वाटणी करताना दोनच गोष्टी डोक्यात होत्या. हीटर असलेलं प्रत्येक उपकरण, म्हणजे गीझर आणि वॉशिंग मशीन, शक्यतो स्वतःच्या सर्किटवर. आणि दिव्यांच्या सर्किटला कुठेही १६ अँपिअरचं सॉकेट लागता कामा नये.

शेवटी ठरलं ते असं:

| सर्किट | प्रवाह (अँपिअर) | वायर (एमएम) | कुवत (अँपिअर) | एमसीबी |
|---|---|---|---|---|
| स्वयंपाकघर १: इंडक्शन, मिक्सर | ११.६ | ४ | २२.३ | सी-१६ |
| स्वयंपाकघर २: मायक्रोवेव्ह, फ्रीज | ६.३ | ४ | २२.३ | सी-१६ |
| वॉशिंग मशीन | ८.७ | २.५ | २०.९ | सी-१६ |
| गीझर खाली | ८.७ | २.५ | २०.९ | सी-१६ |
| गीझर वर | ८.७ | २.५ | १७.० | सी-१६ |
| एसी | ९.५ | ४ | २२.७ | सी-१६ |
| पाण्याची मोटर | ३–४ | २.५ | २०.९ | सी-१० |
| दिवे-पंखे खाली | ३.५ | १.५ | १०.७ | सी-१० |
| दिवे-पंखे वर | २.२ | १.५ | १०.७ | सी-१० |

स्वयंपाकघराच्या दोन्ही सर्किटांना कागदावर अडीच एमएमही पुरली असती. एका पाइपात दोन सर्किटं, २४ × ०.८७ × ०.८० म्हणजे १६.७, आणि एमसीबी १६ चा. निसटतं पास. मी चार एमएम घेतली. स्वयंपाकघरातली उपकरणं दर दोन वर्षांनी वाढतात आणि पाइपातली वायर बदलायला कुणी तयार नसतं, हे एवढंच कारण. वरच्या गीझरला मात्र १७ वर १६, तीच निसटती स्थिती असून अडीचच ठेवली. तिथे एकच ठरावीक भार आहे, ८.७ चा, तो वाढणार नाही.

एसीला सी-१६ बघून सरांच्या पुतण्यानं हरकत घेतली. त्याच्या घरी एसीला पंचवीसचा आहे म्हणे. पट्टीवर साडेनऊ लिहिलंय, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, सुरू होताना मोठा झटका मारत नाही. आणि ज्या सॉकेटमध्ये प्लग जाणार तेच १६ चं आहे. वायर २२.७ सोसेल, सॉकेट सोसणार नाही. साखळीतली सगळ्यात अशक्त कडी वायर असते असं नाही, हे फार जण विसरतात.

सी की बी, यावर फार वेळ घालवायची गरज नाही. अचानक आलेल्या मोठ्या प्रवाहाला बी प्रकार तीन ते पाच पटीला तत्काळ पडतो, सी पाच ते दहा पटीला. मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढते, म्हणून तिथे सी. गीझरला बी चालला असता, पण दुकानात सी हमखास मिळतो.

लांबीमुळे व्होल्टेज किती पडतं तेही तपासलं. वरच्या गीझरपर्यंत वायर २६ मीटर. जाऊन-येऊन बावन्न, अडीच एमएमची तापलेली वायर किलोमीटरला साधारण साडेनऊ ओहम, प्रवाह ८.७. गुणाकार केला की ४.३ व्होल्ट, दोन टक्क्यांच्या आत. घरात हा मुद्दा सहसा आड येत नाही. शेतातल्या विहिरीवर दोनशे मीटर केबल ओढायची असेल तेव्हा मात्र हिशोब इथूनच सुरू करावा लागतो.

मुख्य एमसीबीनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. दिसायला तोही मोठा एमसीबीच, पण तो फक्त गळती पकडतो, जादा लोड त्याला कळत नाही. म्हणून त्याच्या आधी ४० चा एमसीबी हवाच. बसवल्याबरोबर तो पडायला लागला. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर होता आणि वरच्या दिव्यांचं न्यूट्रल कुणीतरी खालच्या बोर्डात स्वयंपाकघराच्या न्यूट्रलशी जोडलेलं होतं. प्रवाह आरसीसीबीतून जाऊन त्याला वगळून दुसऱ्याच वाटेनं परत आला की आरसीसीबीला ती गळतीच वाटते. ते जोड शोधण्यात अर्धा दिवस गेला. जुन्या घरात आरसीसीबी बसवून "उगाच पडतो" म्हणून काढून टाकलेला दिसला, तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

वायर ओढताना एक अडचण आली, ती हिशोबात दिसणारी नव्हती. वॉशिंग मशीनकडे जाणारा जुना पाइप १९ एमएमचा आणि मध्ये दोन काटकोन. जुनी दीडची वायर निघाली, नवी अडीचची तीन पदरं, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, अर्ध्यात अडकली. जोर लावून ओढली तर पीव्हीसी खरवडतं, आणि ते दिसत नाही. भिंत फोडायला वहिनींची तयारी नव्हती. शेवटी तेवढ्या भागाला बाहेरून कॅसिंग-कॅपिंग केलं. दिसायला थोडं बेंगरूळ, पण वायरला हवा जास्त.

सगळं जोडल्यावर, उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरनं प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन बघितलं. मग जानेवारीच्या सकाळचं नाटक केलं. दोन्ही गीझर, इंडक्शन, मिक्सर, मोटर, सगळं एकदम चालू. मुख्य वायरवर क्लॅम्प मीटर ३२ अँपिअर दाखवत होता. हिशोबातल्या ३३.७ पेक्षा थोडा कमी, कारण फ्रीजचा कॉम्प्रेसर त्या वेळी बंद होता आणि मिक्सर रिकामा फिरत होता. स्वयंपाकघराच्या पहिल्या सर्किटवर साडेदहा. वीस मिनिटं तसंच ठेवून डीबीतल्या प्रत्येक स्क्रूजवळ हात फिरवला. पाण्याच्या मोटरचा एक स्क्रू कोमट लागला. मेन बंद करून तो आवळला.

एक काम सरांवर सोपवलं. त्यांच्या बिलावर मंजूर भार दोन किलोवॅट होता आणि घर आठच्या घरात वापरणार होतं. वायर आणि एमसीबी कितीही नीट असले तरी खांबापासून मीटरपर्यंतची केबल आणि मीटर दोन किलोवॅटच्याच अंदाजानं दिलेले असू शकतात. भार वाढवून घेण्यासाठी त्यांनी महावितरणकडे अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत दोन्ही गीझर एकदम लावायचे नाहीत, एवढं ठरलं. डीबीच्या झाकणाला आतून वरचा तक्ता चिकटवला आहे. त्याखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "वायर पाहिल्याशिवाय आकडा बदलू नये."